कशाच्या मापाने पूर्ण? पोहोच-प्रश्न आणि लॉग-स्पेस रिडक्शनचा विसरलेला नियम

‘ग्राफमध्ये एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत वाट आहे का? बीएफएस लावा, झाले.’ संगणकशास्त्राच्या वर्गात हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याखाली काही झाकले जात असेल, अशी शंकाही कुणाला येत नाही. पुढे एखाद्या घाईच्या तासाला त्याच फळ्यावर दुसरे वाक्य उमटते: ‘हा प्रश्न एनएल-पूर्ण आहे.’ विद्यार्थी दोन्ही वाक्ये वहीत उतरवून घेतात. पहिले वाक्य प्रश्न सोपा असल्याचे सांगते, दुसरे तो आपल्या वर्गातील सर्वांत कठीण असल्याचे सांगते. दोन्ही खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. गेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात ग्राफ पिंजून काढण्याच्या पद्धती अल्गोरिदमच्या घटकात येतात, आणि गणनसिद्धांताचा घटक ट्युरिंग यंत्र व अनिर्णेयता यांपाशी थांबतो. एल आणि एनएल या वर्गांना तेथे स्थान नाही. जेथे ते शिकवले जातात, तेथेही रिडक्शनची व्याख्या एनपीच्या प्रकरणातून उचलून आणलेली असते: ‘बहुपदी काळात एका प्रश्नाचे दुसऱ्यात रूपांतर.’ नेमकी येथेच चूक होते, आणि ती किरकोळ नाही. ‘पूर्ण’ हे विशेषण कधीही एकटे उभे राहत नाही. कोणत्या मापाने पूर्ण, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थच नसतो. एनएलच्या बाबतीत बहुपदी काळाचे माप वापरले, तर संपूर्ण सिद्धांत पोकळ होतो.

प्रथम प्रश्नाकडे पाहावे. दिशायुक्त कडांचा एक ग्राफ दिला आहे, त्यात एक आरंभबिंदू आणि एक लक्ष्यबिंदू ठरवून दिला आहे. कडांच्या दिशेनेच चालत आरंभापासून लक्ष्यापर्यंत पोहोचता येते का? बीएफएस पद्धतीत भेट दिलेल्या प्रत्येक बिंदूवर खूण करावी लागते. बिंदू हजार असतील तर खुणांसाठीच हजार बिट लागतात. आता अशा वाटसरूची कल्पना करावी ज्याला खुणा करण्याची मुभा नाही. त्याच्या हाती फक्त एक चिठ्ठी आहे. तिच्यावर सध्याच्या बिंदूचा क्रमांक आणि आजवर चाललेल्या पावलांची संख्या, एवढेच मावते. हजार बिंदूंसाठी दहा बिट क्रमांकाला आणि दहा बिट पावलांना, म्हणजे एकूण वीस बिट. प्रत्येक बिंदूवर तो पुढची कड अंदाजाने निवडतो, जुना क्रमांक पुसून नवा लिहितो, आणि ९९९ पावलांत लक्ष्य आले नाही तर थांबतो. वाट असेल, तर अंदाजांची निदान एक मालिका त्याला लक्ष्यापर्यंत नेते; वाट नसेल, तर कोणतीही मालिका नेत नाही. अनिर्धारी यंत्राची व्याख्या एवढीच आहे, आणि n बिंदूंसाठी त्याला log n च्या पटीत जागा पुरते. म्हणून हा प्रश्न एनएल वर्गात बसतो. अंदाज न लावता, निश्चित नियमाने चालणारे यंत्र तेवढ्याच जागेत जे प्रश्न सोडवू शकते, त्यांचा वर्ग म्हणजे एल.

हे दोन वर्ग एकच आहेत का, हे अद्याप कुणालाही ठाऊक नाही. वॉल्टर सॅविच यांनी १९७० मध्ये दाखवले की निश्चित यंत्राला log n च्या वर्गाएवढी जागा पुरेशी आहे. दिशायुक्त ग्राफच्या सर्वसाधारण प्रश्नासाठी निश्चित यंत्राला लागणाऱ्या जागेची त्याहून चांगली मर्यादा आजही हाती नाही.

आता मापाकडे वळावे. समजा कुणी आग्रह धरला की रिडक्शनला बहुपदी काळ द्यावा. मग पुढील दावा सिद्ध करता येतो: ‘दिलेली संख्या विषम आहे का?’ हा प्रश्न एनएल-पूर्ण आहे. सिद्धता दोन ओळींची आहे. एनएलमधील कोणताही प्रश्न बहुपदी काळात सुटतो. तेव्हा रिडक्शनने तो आधी स्वतःच सोडवावा. उत्तर ‘होय’ आले तर ३ ही संख्या लिहावी, ‘नाही’ आले तर ४. लिहिलेली संख्या विषम असेल तेव्हाच मूळ उत्तर ‘होय’ असते, म्हणजे व्याख्येची प्रत्येक अट पाळली गेली. फक्त सगळे काम रिडक्शननेच केले. विषम संख्येच्या प्रश्नाने काहीच केले नाही. शेवटचा अंक पाहून सुटणारा प्रश्न या मापाने आपल्या वर्गातील सर्वांत कठीण ठरतो, आणि त्याच न्यायाने एनएलमधील जवळपास प्रत्येक प्रश्न ‘पूर्ण’ होतो. ज्या तराजूत कापूस आणि लोखंड सारखेच भरतात, तो तराजू फेकून द्यायचा असतो.

म्हणून नियम असा: माप हे मोजायच्या वस्तूहून दुबळे असले पाहिजे, निदान ते सबळ असल्याचे ठाऊक नसावे. लॉग-स्पेस रिडक्शन हे असे दुबळे माप आहे. त्यात तीन फिती असतात. पहिलीवर मूळ प्रश्न लिहिलेला असतो. ती फक्त वाचता येते. दुसरी कामाची फीत. तिच्यावर लिहिता-पुसता येते, पण तिची लांबी log n च्या ठरावीक पटीपुरतीच. तिसरीवर रूपांतरित प्रश्न उतरतो. तिच्यावर फक्त लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा वाचता येत नाही. ही शेवटची अट विसरली जाते, पण सारा भार तिच्यावरच आहे. तिसरी फीत परत वाचायची मुभा दिली, तर तीच कामाची फीत होऊन बसते आणि जागेची मर्यादा नुसती कागदावर उरते.

हे माप लावून पोहोच-प्रश्न पूर्ण कसा ठरतो, ते एका उदाहरणातून पाहणे योग्य. एक अनिर्धारी यंत्र घ्यावे. त्याच्या आंतरिक अवस्था २०, वाचायच्या मजकुराची लांबी १०००, कामाची फीत १० घरांची, प्रत्येक घरात ० किंवा १. कोणत्याही क्षणी या यंत्राचे पूर्ण वर्णन चार गोष्टींनी होते: अवस्था कोणती, मजकुरावरील वाचनशीर्ष कोठे, कामाच्या फितीवरील शीर्ष कोठे, आणि त्या फितीवर काय लिहिले आहे. या वर्णनाला यंत्रस्थिती म्हणावे. अवस्थेला ५ बिट, पहिल्या शीर्षाला १०, दुसऱ्याला ४ आणि मजकुराला १०, अशी एक यंत्रस्थिती २९ बिटांत मावते. अशा स्थिती किती? २० × १००० × १० × १०२४, म्हणजे २० कोटी ४८ लाख.

या प्रत्येक स्थितीला ग्राफचा एक बिंदू मानावे, आणि यंत्र एका पावलात एका स्थितीतून दुसरीत जाऊ शकत असेल तर तेथे कड काढावी. यंत्राने होकार देण्यापूर्वी फीत पुसून दोन्ही शीर्षे मुळाशी आणावीत असे ठरवले, की होकाराची स्थितीही एकच उरते, तीच लक्ष्य. यंत्र होकार देऊ शकते, याचा अर्थ आरंभस्थितीपासून त्या स्थितीपर्यंत वाट आहे, एवढाच. यंत्राविषयीचा प्रश्न वाटेविषयीचा झाला.

वीस कोटी बिंदूंचा ग्राफ छोट्याशा फितीवर कसा मावणार, अशी शंका येथे येते. उत्तर असे की तो मावत नाही, आणि मावण्याची गरजही नाही. रिडक्शन फक्त दोन यंत्रस्थिती हाती धरते, म्हणजे ५८ बिट आणि वर किरकोळ हिशेब. मोजणीयंत्रासारखे ते या ५८ बिटांचे सर्व पर्याय क्रमाने फिरवते. प्रत्येक जोडीसाठी ते पहिल्या स्थितीतील वाचनशीर्षाचे स्थान बघते, मूळ मजकुरातील तेवढे एकच अक्षर वाचते, यंत्राचा नियम लावते, आणि दुसरी स्थिती त्या नियमात बसत असेल तर १ लिहिते, नसेल तर ०. मग ती जोडी पुसून पुढची. यंत्राचे नियम ठरलेले असल्याने ते रिडक्शनच्या कार्यक्रमातच कोरलेले असतात; मजकूर वाढला तरी ते वाढत नाहीत. मजकुराची लांबी n झाली आणि कामाची फीत c × log n घरांची असली, तर तिच्यावरील मजकुराचे प्रकार n चा c घात एवढे होतात. म्हणूनच ग्राफ मोठा असला तरी बहुपदी आकाराचा राहतो, आणि त्यातील एका बिंदूचे नाव log n च्या पटीत मावते.

येथे हुशार विद्यार्थी हमखास एक सुधारणा सुचवतो: वीस कोटी बिंदूंपैकी बहुतेक निरुपयोगी आहेत, यंत्र तेथे कधी पोहोचतच नाही, तेव्हा आरंभापासून जेथे पोहोचता येते तेवढेच बिंदू लिहावेत. सुधारणा आकर्षक आहे आणि घातक आहे. कोठे पोहोचता येते हे ठरवणे हाच तर मूळ प्रश्न. ती छाटणी करणारे रिडक्शन प्रश्न सोडवूनच पुढे जाते, म्हणजे ३ आणि ४ लिहिणाऱ्या त्या फसव्या रिडक्शनचेच सोवळे रूप. खरे रिडक्शन काही सोडवत नाही. ते निरुपयोगी बिंदूंसह सगळे यांत्रिकपणे लिहून काढते आणि निवाडा दुसऱ्यावर सोपवते. सदोष सिद्धता ओळखण्याची खूणही हीच: रिडक्शन पाहून झालेल्या बिंदूंची यादी ठेवत असेल, किंवा आपलेच लिखाण परत वाचत असेल, तर ते लॉग-स्पेस राहिलेले नाही.

दुसरी चूक दोन रिडक्शन एकामागे एक जोडताना होते. पहिल्याने लिहावे, दुसऱ्याने ते वाचावे, असे सांगून अनेक टिपणे पुढे सरकतात. पण मधला मजकूर ठेवायचा कोठे? हजार अक्षरांच्या प्रश्नातून पहिल्या रिडक्शनने शंभर कोटी अक्षरे निर्माण केली, तर ती कोणत्याही लॉग-स्पेस फितीवर मावणार नाहीत. योग्य मार्ग विचित्र वाटतो, पण अचूक आहे. दुसऱ्या रिडक्शनला सत्तर कोटीवे अक्षर हवे असेल, तर पहिले रिडक्शन मुळापासून चालवावे, निघणारी अक्षरे फेकत केवळ मोजावीत, आणि सत्तर कोटीवे आले की ते द्यावे. त्याच्या अलीकडचे अक्षर हवे झाले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मोजणीला ३० बिट लागतात. वेळेचा गुणाकार होतो, पण जागेची केवळ बेरीज होते. जे साठवता येत नाही ते पुन्हा पुन्हा निर्माण करायचे, हा लॉग-स्पेसचा सगळा व्यवहार आहे.

या जोडणीमुळेच ‘पूर्ण’ या शब्दाला वजन येते. पोहोच-प्रश्न उद्या निश्चित यंत्राने लॉग-स्पेसमध्ये सुटला, तर एनएलमधील प्रत्येक प्रश्न तसाच सुटेल आणि एल व एनएल एकच ठरतील. आणि या मापाने विषम संख्येचा प्रश्न पूर्ण ठरवायचा, तर आधी नेमके हेच सिद्ध करावे लागेल. दोन ओळींत होणारा दावा आता अर्ध्या शतकाहून जुन्या खुल्या प्रश्नाएवढा जड होतो. मापाचे काम झाले.

याला एक व्यावहारिक आक्षेप घेतला जातो: स्मृती स्वस्त आहे, कशाला हा बिटांचा कंजूषपणा? आक्षेपात तथ्य आहे हे मान्य करावे. २० कोटी ४८ लाख खुणांसाठी अडीच कोटींहून थोडे अधिक बाइट लागतात. खिशातला साधा फोनही तेवढे सहज पेलतो. पण एल आणि एनएल यांचा वाद स्मृतीच्या टंचाईचा नाहीच. कोठे जाऊन आलो याची आठवण न ठेवता हरवलेली वाट निश्चितपणे शोधता येते का, हा तो वाद आहे. त्याचे उत्तर दुकानातून आणलेल्या चिपने मिळत नाही.

आणि मापाकडे दुर्लक्ष करण्याची किंमत केवळ परीक्षेतल्या गुणांपुरती नसते. २०१५ मध्ये चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे समीर दत्ता व अनीश मुखर्जी, त्यांच्यासह राघव कुलकर्णी, थॉमस श्वेंटिक आणि थॉमस त्सॉयमे यांनी पोहोच-प्रश्नावरच एक मोठा निकाल दिला. बदलत्या ग्राफमध्ये एका वेळी एक कड घातली किंवा काढली जाते. प्रत्येक बदलानंतर सगळा ग्राफ पुन्हा न धुंडाळता, आधी जपून ठेवलेल्या माहितीवर केवळ प्रथमश्रेणी तर्कशास्त्राची सूत्रे लावून नवे उत्तर मिळते, असे त्यांनी सिद्ध केले. अशा रीतीने सांभाळता येणाऱ्या प्रश्नांच्या वर्गाला डायन-एफओ म्हणतात. सुशांत पटनाईक आणि नील इमरमन यांचे सुमारे दोन दशकांपूर्वीचे अनुमान त्यामुळे खरे ठरले.

हा निकाल वाचून अर्धवट शिकलेला वाचक लगेच पुढचे पाऊल टाकतो: पोहोच-प्रश्न एनएल-पूर्ण, तो डायन-एफओमध्ये आला, म्हणून अख्खा एनएल डायन-एफओमध्ये आला. हे अनुमान त्या निकालातून निघत नाही. का निघत नाही, हे वरच्याच उदाहरणातून दिसते. मूळ मजकुरातील एक अक्षर बदलले असे समजावे. ज्या ज्या यंत्रस्थितीत वाचनशीर्ष त्या अक्षरावर आहे, त्या सर्वांच्या बाहेर जाणाऱ्या कडा आता वेगळ्या असू शकतात. अशा स्थिती २० × १० × १०२४, म्हणजे २ लाख ४ हजार ८००. मूळ प्रश्नात एका अक्षराची खाडाखोड, आणि ग्राफमध्ये लाखो कडांची उलथापालथ! निकाल एका वेळी एका कडेची हमी देतो, लाखोंची नाही. शिवाय n वाढला की हा आकडाही बहुपदी गतीने वाढतो.

म्हणजे लॉग-स्पेस रिडक्शन एल आणि एनएल यांच्यासाठी अचूक माप असले, तरी डायन-एफओसाठी ते फार भरड आहे. तेथे असे रिडक्शन हवे ज्यात मूळ प्रश्नातील एका बदलाने रूपांतरित प्रश्नात ठरावीक संख्येनेच बदल होतील. काही प्रश्न या कसोटीला उतरतात. दोन-दोन पदांच्या अटींचा टू-सॅट प्रश्न घ्यावा. ‘क किंवा ख’ ही अट ग्राफमध्ये दोनच कडा घालते: ‘क नाही’पासून ‘ख’पर्यंत आणि ‘ख नाही’पासून ‘क’पर्यंत. एक अट बदलली तर बदलणाऱ्या कडा मोजक्याच असतात, म्हणून २०१५ चा निकाल टू-सॅटला लागू करता येतो. टू-सॅटदेखील एनएल-पूर्णच आहे. पण त्याला हा लाभ त्याच्या पूर्णतेमुळे झालेला नाही. त्याच्यापासून पोहोच-प्रश्नाकडे नेणारे रिडक्शन हळुवार आहे, म्हणून झाला.

तेव्हा ‘पूर्ण’ या शब्दानंतर वहीत पूर्णविराम देण्याची सवय सोडली पाहिजे. बहुपदी काळाच्या मापाने विषम संख्याही पूर्ण आहे. लॉग-स्पेसच्या मापाने पोहोच-प्रश्न पूर्ण आहे, आणि तेथे त्या विधानाला खरे वजन आहे. डायन-एफओच्या दारात मात्र ते वजन चालत नाही. खुद्द एल वर्गाच्या आत शिरले तर लॉग-स्पेसचे मापही पोकळ होते. तेथे त्याहून दुबळे माप शोधावे लागते. फळ्यावर ‘एनएल-पूर्ण’ लिहिणाऱ्याने त्याच ओळीत माप लिहावे. ते लिहिलेले नसेल, तर पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याने हात वर करून विचारावे: कशाच्या मापाने?